चिठ्ठीवर 68, प्रोग्राम म्हणते 89 : फोटो नेमका कोण उलटा करून राहिला?

कळमन्याचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. आमची कळमन्यात संत्र्याची अडत आहे, बाबांची, मी हिशेब पाहतो. गाडी उतरली की प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाला एक लॉट नंबर देतो, छापील चिठ्ठ्या आहेत १ ते १०० च्या, पोस्टकार्डाएवढ्या, मोठा इंग्रजी आकडा, बाकी त्यावर काहीच नाही. चिठ्ठी वरच्या कॅरेटवर ठेवायची, हमाल मोबाइलनं फोटो काढते अन् आमच्या साध्या फॉर्मवर टाकते. मग माझ्या आतेभावानं लिहिलेला पायथनचा प्रोग्राम आकडा वाचून शीटमध्ये भरते. आकडा नाही वाचता आला तर खाना रिकामा सोडते, तो आमचे दिवाणजी फोटो पाहून हातानं भरतात.

आता झालं असं की सुरुवातीपासून अर्धे-अधिक खाने रिकामेच यायचे. मी फोटो उघडून पाहिले तर कॉम्प्युटरवर सगळे सरळ दिसतात! म्हटलं प्रोग्रामच कच्चा असंल, चालू दे, दिवाणजी आहेतच. पण मागच्या हप्त्यात काटोलच्या एका शेतकऱ्याचे ४२ कॅरेट लॉट 68 मध्ये होते, ते 89 मध्ये चढले, अन् 89 होता नरखेडवाल्याचा १७ कॅरेटचा. हिशेबाची पट्टी फाटून गेली, दोघांचे फोन आले, एकानं शिव्या दिल्या, दुसरा काहीच बोलला नाही (तो कोणता ते ओळखा). 68 चा फोटो पाहिला तं तो उलटा होता, डोक्यावर. उलटा धरला की 68 चा 89 होते हे मला तिशीत पहिल्यांदा कळलं.

प्रश्न असा की काही फोटो आडवे काऊन, काही उलटे काऊन, अन् जे कॉम्प्युटरवर सरळ दिसतात ते प्रोग्रामला आडवे काऊन दिसतात? हमाल म्हणते मी तं सरळच धरतो.

बर्डीवाला_मोबाइल
भाऊ सोपं आहे, सगळ्या हमालांच्या फोनमधी ऑटो रोटेट चालू असंल ते बंद करून टाका, फोटो उभा तो उभाच राहीन. माझ्या दुकानात रोज दोन-तीन गिऱ्हाइकं हीच कंप्लेंट घेऊन येतात, मी तेच करून देतो, फुकट.

अपर्णा_धरमपेठ
मला पण हाच त्रास आहे!! सेल्फी काढली की माझ्या टी-शर्टवरची अक्षरं उलटी येतात, मैत्रिणीच्या फोनमध्ये नाही येत. सेटिंग कुठे असते?

कळमन्याचा_पोट्टा
@बर्डीवाला काल संध्याकाळी तिघांच्या फोनमध्ये बंद केलं. आज सकाळी पुन्हा एक उलटा आणि दोन आडवे. काही फरक नाही.

सेन्सरमास्तर
अपर्णाताई, तुमचं वेगळं आहे. ते आरशासारखं डावं-उजवं होणं, समोरच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मिरर की फ्लिप असं काहीतरी असेल ते बंद करा. इथे फोटो फिरतोय, पलटी होत नाहीये. उलटा धरलेला 68 वाचता येतो, आरशातला 68 वाचताना अडखळायला होतं, तोच फरक.

पोट्ट्या, तुझ्या गोष्टीत मला तीन वेगवेगळे गुन्हेगार दिसतात आणि तू त्यांना एकाच कोठडीत टाकलंयस. आधी पहिला. फोनमधला कॅमेऱ्याचा सेन्सर ही आडवी चौकट आहे आणि ती फोनमध्ये पक्की बसवलेली आहे, तू फोन कसाही धर, ती त्याच दिशेनं ओळी वाचणार. फोन उभा धरला की चित्र सेन्सरवर आडवं पडतं. आता बहुतेक फोन काय करतात, पिक्सेल फिरवत बसत नाहीत, आडवं चित्र जसंच्या तसं फाइलमध्ये ठेवतात आणि सोबत एक छोटी नोंद लिहितात, की दाखवताना एवढं फिरवून दाखव. या नोंदीचं नाव Orientation, किंमत 1 ते 8. फोटो पाहायचं कुठलंही बरं अॅप किंवा ब्राउजर ती नोंद वाचतं आणि फिरवून दाखवतं, म्हणून तुला सरळ दिसतं. तुझ्या आतेभावाचा प्रोग्राम बहुतेक ती नोंद वाचतच नाहीये, त्याला कच्चं आडवं चित्र मिळतं. त्याला दोष देऊ नको, ही चूक सगळेच एकदा करतात.

अंदाजानं बोलण्यापेक्षा फाइल तपास. exiftool टाक आणि त्या फोल्डरमध्ये हे चालव, जे येईल ते इथे डकव. आणि मूळ फाइल घे, व्हॉट्सअॅपवरून आलेली नको. तिथे फोटो म्हणून पाठवला की पिक्सेल सरळ करून नोंद काढून टाकली जाते, मग तपासायला काही उरतच नाही.

```
exiftool -n -Orientation -ImageWidth -ImageHeight *.jpg
```

दिगंबर_काका
आमच्या वेळेस चिठ्ठीच नव्हती, खडूनं कॅरेटवर लिहायचे आणि दिवाणजी वहीत लिहायचे. पन्नास वर्षांत एक लॉट चुकला नाही.

कळमन्याचा_पोट्टा
काका बाबा पण हेच म्हणतात, पण बाबांच्या वहीत चुकलेले लॉट मी स्वतः पाहिले आहेत, सांगत नाहीत एवढंच.

@सेन्सरमास्तर हे घ्या, सगळे एकाच हमालाच्या एकाच फोनचे, त्याला फोन उभाच धरायला सांगितलं होतं. अवांतर ओळी काढून टाकल्या.

```
lot_23.jpg   Orientation 6   4000 x 3000
lot_41.jpg   Orientation 6   4000 x 3000
lot_57.jpg   Orientation 1   4000 x 3000
lot_68.jpg   Orientation 8   4000 x 3000
lot_72.jpg   Orientation 6   4000 x 3000
```

23, 41, 72 कॉम्प्युटरवर सरळ दिसतात पण प्रोग्राममध्ये रिकामे. 57 कॉम्प्युटरवर पण आडवाच दिसते. अन् 68 उलटा, पण प्रोग्राममध्ये तोही रिकामाच; पट्टी फाटली तो 68 दुसऱ्या हमालाच्या फोनचा होता.

सेन्सरमास्तर
अगदी छान, यात सगळं आहे.

पाचही फाइल ४००० रुंद, ३००० उंच, म्हणजे पिक्सेल पाचही वेळा आडवेच पडलेत, फोन उभा होता तरी. हे बरोबर आहे. फोन उभा धरला की मागच्या कॅमेऱ्यासाठी सहसा 6 लिहिलं जातं, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं ९० अंश फिरवून दाखव. 23, 41 आणि 72 मध्ये फोननं खरं तेच लिहिलं, फक्त तुमच्या प्रोग्रामनं ऐकलं नाही. आतेभावाला विचार, फोटो Pillow नं उघडतोस का? उघडत असेल तर त्याची Image.open ही नोंद आपोआप लागू करत नाही, एक ओळ घालावी लागते:

```
from PIL import Image, ImageOps
im = ImageOps.exif_transpose(Image.open("lot_23.jpg"))
```

आता 57 आणि 68. तिथे नोंदच खोटी आहे. 57 ला 1 म्हणजे फोन म्हणतो मी आडवा होतो, काही फिरवू नका. 68 ला 8 म्हणजे फोन म्हणतो मी उभा होतो पण डोकं खाली. हमाल म्हणतो मी सरळ धरला, आणि तोही खोटं बोलत नाहीये. हा दुसरा गुन्हेगार आहे, आणि मला तोच जास्त आवडतो. संध्याकाळी लिहितो, आता लाइट जाणार आहे.

आतेभाऊ_०७
नमस्कार, मीच तो आतेभाऊ 😅 हो Pillow आहे. पण मी घरी टेस्ट केलं तेव्हा हेच फोटो व्यवस्थित वाचले गेले होते हो, देवाशप्पथ. म्हणून मी म्हणत होतो कळमन्याच्या इंटरनेटमध्येच गडबड आहे.

सेन्सरमास्तर
घरी cv2.imread वापरलं होतं का?

आतेभाऊ_०७
… हो. सर्व्हरवर ओपनसीव्ही बसत नव्हतं म्हणून नंतर बदललं.

सेन्सरमास्तर
झालं मग. ओपनसीव्हीचं imread साधं चालवलं की Orientation पाहून फिरवून देतं, Pillow देत नाही. तीच फाइल, दोन दारं, एकातून सरळ आत येते दुसऱ्यातून आडवी. यात इंटरनेटचा काही संबंध नाही. एक मात्र लक्षात ठेव, imread ला IMREAD_UNCHANGED दिलं की तेही नोंद सोडून देतं, तेव्हा परत कधी बदलशील तर पाहून बदल.

बर्डीवाला_मोबाइल
मग ऑटो रोटेटचं काय, मी इतकी वर्षं गिऱ्हाइकाला उगाच करून देऊन राहिलो काय?

प्रज्ञा_फ्रेम्स
पूर्ण उगाच नाही दादा, अर्धं बरोबर आहे. मी अॅप बनवते, म्हणून सांगते. ऑटो रोटेट हे स्क्रीनचं सेटिंग आहे, स्क्रीनवरचा मजकूर फिरू द्यायचा की नाही एवढंच. फोनचा स्वतःचा कॅमेरा सहसा त्याच्याकडे पाहत नाही, तो सरळ गुरुत्वाकर्षणाच्या सेन्सरला विचारतो, जमीन कुठे आहे? म्हणून लॉक लावूनही तुम्ही फोन आडवा धरून काढलेला फोटो आडवाच येतो, बरोबर ना. पण काही अॅपच्या आतला कॅमेरा, किंवा घाईत बनवलेला, तो सेन्सरला न विचारता स्क्रीनला विचारतो. स्क्रीन लॉक असेल तर ती कायम म्हणणार मी उभी आहे. अशा अॅपमध्ये लॉक ठेवून फोन आडवा धरला की फोटो हमखास झोपतो. म्हणजे तिथे तुमचा उपाय उलटा पडतो, ऑटो रोटेट चालू करावं लागतं.

बर्डीवाला_मोबाइल
हाव, हे एका बाईच्या फोनमधी झालं होतं, बँकेच्या अॅपमधी आधारचा फोटो आडवा, गॅलरीत काढला तं बरोबर. मी म्हटलं बँकेलेच विचारा.

शुभांगी_मानेवाडा
मध्येच विचारते, रागावू नका. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरतेय, मार्कशीटचा फोटो गॅलरीत रोटेट करून सरळ केला, सेव्ह केला, गॅलरीत सरळ दिसतो, अपलोड केला की पोर्टलवर परत आडवा. चार वेळा केलं. पाचव्यांदा मी मान वाकडी करून सबमिट करणार होते.

प्रज्ञा_फ्रेम्स
अहो हे याच धाग्यातलं आहे. बऱ्याच गॅलरी रोटेट दाबल्यावर पिक्सेल हलवतच नाहीत, ती नोंदच फक्त बदलतात, 1 ची 6 करतात, झटपट होतं म्हणून. पोर्टल ती नोंद वाचत नसेल तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही काहीच केलेलं नाही. रोटेट करून झाल्यावर कडेनं किंचित क्रॉप करा आणि नवीन कॉपी म्हणून सेव्ह करा, मग सहसा चित्र नव्यानं लिहिलं जातं आणि पिक्सेलच सरळ होतात. नाहीतर सरळ दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या, अक्षरं वाचता येतील एवढा मोठा आला तर चालून जातो.

शुभांगी_मानेवाडा
क्रॉप केलं, झालं!!! तुमच्या तोंडात संत्रा बर्फी.

सेन्सरमास्तर
आलो. तर दुसरा गुन्हेगार.

कॅमेरा सेन्सरला विचारतो जमीन कुठे, हे प्रज्ञानं सांगितलंच. फोन उभा असला की ओढ फोनच्या खालच्या काठाकडे जाते, आडवा असला की बाजूच्या काठाकडे, त्यावरून वर कुठे ते कळतं. पण चिठ्ठी कॅरेटवर सपाट पडलेली आहे आणि हमाल फोन तिच्यावर छत्रीसारखा सपाट धरतो. आता ओढ कोणत्या काठाकडे? कुठल्याच नाही, सरळ फोनच्या आरपार. चारही बाजू त्याला सारख्याच. त्याला प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, मग तो काय करतो, शेवटचं जे उत्तर माहीत होतं तेच चालवतो.

अँड्रॉइडमध्ये हे ठरवणारा जो तयार भाग आहे, OrientationEventListener, त्यात अट अशी आहे की काठाच्या दिशेची ओढ ही आरपार ओढीच्या निम्म्याहून कमी झाली की कोनावर विश्वासच ठेवायचा नाही, तो सरळ ORIENTATION_UNKNOWN सांगतो. हिशेब केला तर फोन सपाटीपासून साधारण २७ अंशांच्या आत आला की आंधळा. हा काही फार थोडा पट्टा नाही. टेबलावरचा कागद टिपताना आपण सगळे त्यातच असतो.

आता 68 चा 8 कुठून आला ते पाहू. हमालाचा कॅमेरा उघडाच असतो ना, एका कॅरेटवरून दुसऱ्यावर जाताना? चालताना हात खाली लोंबतो, हातातला फोन डोकं जमिनीकडे करून. त्या क्षणी कॅमेऱ्याला पक्कं कळतं, वर आहे शेपटीकडे, किंमत 8. मग पुढच्या कॅरेटपाशी येऊन तो कोपरातून हात उचलतो, फोनचं डोकं खालून समोर येतं आणि सपाट होतो. बघ, या प्रवासात डोकं एकदाही वर गेलं नाही. शेवटचं पक्कं उत्तर 8 च होतं, तेच फाइलमध्ये लिहिलं गेलं. खरं असायला हवं होतं 6. सहा आणि आठमधला फरक बरोबर अर्धा फेरा, फोटो डोक्यावर. 57 च्या वेळी फोन आडवा होता आधी, काहीतरी पाहत असेल, त्याचा 1.

करून बघा कोणीही. कॅमेरा उघडा ठेवून हात खाली सोडा, उचलून सरळ सपाट करा, टेबलावरच्या पेपरचा फोटो काढा. मग दुसऱ्यांदा फोन आधी आरशासारखा तोंडासमोर उभा धरा, मग झुकवा.

आतेभाऊ_०७
केलं. पहिल्यांदा 8, दुसऱ्यांदा 6. पाच वेळा केलं, चारदा तसंच. एकदा पहिल्या पद्धतीनं पण 6 आला, हात उचलताना वर गेला असेल. भारी आहे बे हे.

सायकल_नरेश
माझ्या फोनमध्ये नाही होत असं, कसंही धरा 3000 x 4000 आणि Orientation 1 येतो. म्हणजे माझा फोन चांगला का?

प्रज्ञा_फ्रेम्स
तुमचा फोन पिक्सेल स्वतःच फिरवून लिहितो, असेही असतात. पण तोही सेन्सरलाच विचारून फिरवतो, तेव्हा सपाट धरल्यावर तुमचाही उलटा येऊ शकतो. फरक एवढाच की तुमच्या फाइलमध्ये चूक झाल्याची खूणही राहत नाही, तपासायला 8 दिसणार नाही.

कळमन्याचा_पोट्टा
आज हमाल पोरांना गोळा करून फोन आधी उभा मग झुकवा हे दाखवलं. एक म्हणाला साहेब दिवसाला दोनशे चिठ्ठ्या आहेत, आरसा पाहत बसू का. तरी करतात थोडंफार. अन् ती exif_transpose ची ओळ टाकली. रिकामे खाने एकदम कमी झाले, दिवाणजी खूश, म्हणे चष्म्याचा नंबर उतरला.

पण!! उलटे आकडे अजून येऊन राहिले. आज 16 चा 91 झाला. तपासलं तर Orientation 6, म्हणजे फोन खरं बोलला. मग हा तिसरा गुन्हेगार कोण, तुम्ही तीन म्हणाला होता.

सेन्सरमास्तर
तो तर बिचारा साधा आहे. हमाल कॅरेटच्या कोणत्या बाजूला उभा होता?

कळमन्याचा_पोट्टा
अरे देवा. गाडीच्या बाजूनं. चिठ्ठी ठेवणारा इकडून ठेवते, फोटोवाला तिकडून काढते.

सेन्सरमास्तर
मग झालं. फोनचं वर आणि चिठ्ठीचं वर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. Orientation फार तर पहिलीबद्दल सांगेल. चिठ्ठी कोणत्या तोंडानं पडलीय हे फोनला कधीच माहीत नसतं, ते चित्रात पाहूनच ठरवावं लागतं, आणि तुझ्या चिठ्ठीवर पाहण्यासारखं काही नाही, नुसता आकडा.

आणि एक बघ, तुझा सगळा घोटाळा इथे दडलाय. आडवा फोटो प्रोग्रामला वाचता येत नाही, तो खाना रिकामा सोडतो, दिवाणजी पाहतात, चूक पकडली जाते. उलटा फोटो त्याला वाचता येतो, तो भरवशानं चुकीचा आकडा लिहितो आणि भरलेला खाना कोणी पाहत नाही. तू इतके दिवस रिकाम्या खान्यांनी वैतागला होतास, पण पट्टी फाटली ती भरलेल्या खान्यामुळे.

आतेभाऊ_०७
टेसरॅक्टमध्ये दिशा ओळखायचं आहे ना, --psm 0 वालं, ते लावलं तर?

```
tesseract lot_16.jpg - --psm 0
```

प्रज्ञा_फ्रेम्स
लावून बघ, पण दोन अक्षरांच्या चिठ्ठीवर ते बहुतेक Too few characters म्हणून हात वर करेल. त्याला पानभर मजकूर लागतो, मूळ मर्यादा ५० अक्षरांच्या आसपास आहे. मर्यादा खाली आणता येते पण मग 16 की 91 यात ते नाणं उडवणार. सातबाऱ्याचा फोटो असता तर झकास चाललं असतं.

आतेभाऊ_०७
हो, तेच आलं, Too few characters. Skipping this page.

विदर्भ_गणित
मी शाळेत गणित शिकवतो, हिशेब करून बघितला, मजा आली. उलटं केल्यावर आकडाच राहतात असे अंक फक्त पाच, 0, 1, 8 तसेच राहतात आणि 6 चा 9, 9 चा 6. एकही अंक 2, 3, 4, 5, 7 असला की उलटा फोटो वाचताच येत नाही किंवा वाकडं काहीतरी येतं. तेव्हा १ ते ९९ मध्ये एकमेकांत गुंतणाऱ्या जोड्या बघा: 6 आणि 9, 16 आणि 91, 18 आणि 81, 19 आणि 61, 66 आणि 99, 68 आणि 89, 86 आणि 98. सात जोड्या, चौदा आकडे. 11, 69, 88, 96 हे उलटे करूनही तेच राहतात, त्यांचं टेन्शन नाही. 10, 60, 80, 90 उलटले की पुढे शून्य येतं, 01, 09 असं, ते ओळखू येतं. म्हणजे त्या चौदा चिठ्ठ्या फाडून टाका, उरलेल्या ८६ नं काम चालवा. प्रोग्राम पण बदलायला नको.

कळमन्याचा_पोट्टा
सर तुमचे पाय कुठे आहेत.

आतेभाऊ_०७
थांबा, एक अडचण आहे, प्रोग्राम 09 आला की पुढचं शून्य काढून 9 करतो. म्हणजे 60 ची चिठ्ठी उलटी आली तर 9 होणार. आणि 9 ची चिठ्ठी फाडली तरी 9 यादीत आहेच.

विदर्भ_गणित
मग पुढे शून्य आलं की खाना रिकामा सोड. आणि फाडलेले चौदा आकडे यादीतूनही काढ, ते दिसले की समजायचं फोटो उलटा आहे.

प्रज्ञा_फ्रेम्स
1 चं एक राहिलं सर. छापलेल्या 1 ला वर शेंडी आणि खाली पाट असेल तर उलटा केल्यावर तो 1 सारखा दिसत नाही, नुसती काडी असेल तरच. पोट्ट्या तुझा 1 कसा आहे?

कळमन्याचा_पोट्टा
नुसती काडी. इतवारीच्या प्रेसवाल्यानं दिला तो टाइप.

दिगंबर_काका
मराठी आकडे छापा. १ २ ३. कशाला पाहिजे इंग्रजी. सगळा प्रश्नच मिटेल.

सेन्सरमास्तर
काका, पूर्ण नाही मिटणार. घाईत लिहिलेला ३ उलटा धरला की मला तरी ६ वाटतो. पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट लाखाची आहे, मराठी आकडा नको, मराठी शब्द छापा. आकड्याच्या वर मोठ्या अक्षरात "लॉट". देवनागरीला शिरोरेखा आहे, आडवी लांब सलग रेघ, अक्षरं तिला खाली लोंबतात. चिठ्ठी उलटी झाली की रेघ खाली आणि अक्षरं वर उभी, दिवाणजींना चष्म्याशिवाय कळेल. प्रोग्रामलाही ती रेघ शोधणं आकडा वाचण्यापेक्षा सोपं, रेघ आकड्याच्या वर आहे, खाली की बाजूला एवढंच पाहायचं, खाली असली की अर्धा फेरा, बाजूला असली की पाव फेरा फिरवायचं. मग चिठ्ठी कोणी कुठूनही ठेवो आणि हमाल कुठल्याही बाजूनं येवो, फोनची नोंद खरी की खोटी यानंही फरक पडत नाही.

दिगंबर_काका
३ उलटा ६ नाही वाटत. मी आत्ता लिहून पाहिला.

सायकल_नरेश
मला वाटतो. हस्ताक्षरावर आहे.

बर्डीवाला_मोबाइल
मी म्हणतो एवढं कशाला, प्रोग्रामलेच सांगा नं का नोंदच वाचू नको, हमाल फोन उभाच धरतात तं सगळेच फोटो ९० नं फिरव. 6 असो का 8 असो का 1. लोंबत्या हाताचा प्रश्नच खतम.

सेन्सरमास्तर
हसू नका कोणी, हे वाईट नाही. त्या फोनच्या पाचही फाइल यानं बरोबर निघाल्या असत्या, 57 आणि 68 सुद्धा. पण नरेशसारखा फोन एखाद्या हमालाकडे असला, 3000 x 4000 वाला, तर सरळ फोटो हा उपाय आडवा करेल. तेव्हा रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तरच फिरवा अशी अट घाल. आणि एखादा हमाल खरंच आडवा फोन धरून काढायला लागला की पुन्हा गेलं.

प्रज्ञा_फ्रेम्स
मला नाही पटत. फाइलमध्ये लिहिलेली खरी माहिती फेकून अंदाज चालवायचा म्हणजे आज चाललं, उद्या नवीन फोन आला की कोणाला आठवणार नाही हे का केलं होतं.

सेन्सरमास्तर
सपाट धरलेल्या फोटोत ती माहिती खरी असतेच कुठे, तीही अंदाजच आहे, फक्त फोननं केलेला.

प्रज्ञा_फ्रेम्स
तुमचंही खरं. तरी मी नसतं केलं.

कळमन्याचा_पोट्टा
अपडेट. नव्या चिठ्ठ्या छापून आल्या, वर मोठ्ठं "लॉट", खाली आकडा, 1 ला शेंडी अन् पाट, आणि 6, 9 च्या खाली रेघ पण मारून घेतली. गुंतणारे चौदा आकडे बाबांनी काढू दिले नाहीत, म्हणे 18 आपला लकी नंबर आहे. तेव्हा ते चौदा आकडे आले की आतेभावाचा प्रोग्राम खाना पिवळा करते अन् दिवाणजी फोटो उघडून पाहतात. आज पाच पिवळे होते, पाचही बरोबर निघाले.

काटोलवाल्याची पट्टी दुरुस्त करून दिली, फरकाचे पैसे दिले. नरखेडवाला म्हणते मला जास्तीचे कधी मिळालेच नाहीत.

अपर्णा_धरमपेठ
मिरर बंद केलं, टी-शर्ट वाचता येतोय आता, पण मीच वेगळी दिसतेय. परत चालू केलं.

आतेभाऊ_०७
@सेन्सरमास्तर एक राहिलं. शिरोरेखा शोधायला लावली तर आज एका फोटोत कॅरेटची प्लॅस्टिकची पट्टीच शिरोरेखा म्हणून पकडली आणि सरळ चिठ्ठी उलटी केली. चिठ्ठी आधी कापून घ्यावी लागेल काय?

सेन्सरमास्तर
कापावीच लागेल. पांढरा चौकोन आधी शोध, रेघ त्याच्या आत. फोटो टाक इथे, कॅरेट कोणत्या रंगाचं आहे बघू.

आतेभाऊ_०७
पांढरं.